तीनताल अंगठ्याखाली: एका स्लाइडवर एक मात्रा असं कॅरोसेल कसं बनवायचं

इन्स्टाग्रामवर ताल शिकवणारी बहुतेक कॅरोसेल, म्हणजे बोटाने सरकवत पाहायच्या अनेक स्लाइडच्या पोस्ट, एका स्लाइडवर एक ताल मांडतात. पहिल्यावर दादरा, दुसऱ्यावर केरवा, तिसऱ्यावर रूपक. दिसायला छान, पण त्यातून ताल मोजता येत नाही, फक्त तालाचं नाव पाठ होतं. नवख्या माणसाला मोजायला लावायचं असेल तर एक ताल घ्यावा आणि त्याच्या प्रत्येक मात्रेला एक स्लाइड द्यावी. मग स्लाइड सरकवणं हीच मोजणी होते. मी हे तीनतालावर करून पाहिलं. पहिला प्रयत्न फसला, आणि का फसला हे समजलं तेव्हा तीनतालाबद्दलच दोन गोष्टी नव्याने कळल्या. म्हणून इथेही तीनतालच घेतोय.

आधी ठेका कागदावर

तीनताल सोळा मात्रांचा, चार-चार मात्रांचे चार खंड. टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर. काल, म्हणजे खाली, नवव्या मात्रेवर. पहिली मात्रा सम. ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, असा:

धा धिं धिं धा
धा धिं धिं धा
धा तिं तिं ता
ता धिं धिं धा

काही ठिकाणी तिसऱ्या-चौथ्या ओळीत ‘ता’च्या जागी ‘ना’ म्हणतात. दोन्ही चालतं, पण सोळा स्लाइडमध्ये मिसळू नका. एक पाठ धरा आणि कोणता धरला ते कॅप्शनमध्ये एका वाक्यात लिहा, म्हणजे ज्याच्या गुरुजींनी वेगळा शिकवला असेल तो गोंधळणार नाही.

आता हा ठेका एका ओळीत, चक्रासारखा वाचा. पहिला ‘धा’ क्षणभर बाजूला ठेवा. पुढे धिं धिं, धा धा, धिं धिं, धा धा, तिं तिं, ता ता, धिं धिं, आणि शेवटी सोळावा ‘धा’, ज्याच्या मागोमाग समेचा ‘धा’ येतो. म्हणजे तीनतालात प्रत्येक बोल जोडीने येतो, आणि खंडाची सीमा नेमकी ‘धा धा’ किंवा ‘ता ता’ या जोड्यांच्या मधून जाते. ऐकताना हे कधी खटकत नाही. स्लाइडवर मात्र खटकतं. मी प्रत्येक स्लाइडच्या मधोमध मोठा बोल आणि कोपऱ्यात मात्रेचा आकडा अशी रचना केली होती. भाचीला दिलं. ती दोनदा सरकवून म्हणाली, “मामा, अडकलंय हे. पुढे जातच नाहीये.” दुसऱ्यावरून तिसऱ्या स्लाइडवर ती गेली होती, पण दोन्हीकडे ‘धिं’च. कोपऱ्यातला आकडा कोण बघतंय!

म्हणून बोल मधोमध ठेवायचा नाही, तो चालता ठेवायचा. १०८० बाय १३५० पिक्सेलची उभी स्लाइड घ्या. दोन्ही बाजूंना साठ-साठ पिक्सेल मोकळे सोडले की मधे दोनशे चाळीसचे चार रकाने अगदी बरोबर बसतात. खंडातली पहिली मात्रा पहिल्या रकान्यात, चौथी चौथ्यात. चालू बोल गडद आणि मोठा, बाकीचे तीन त्यांच्या त्यांच्या रकान्यात फिकट. अक्षराचा आकार दोनशे वीसच्या आसपास ठेवला तर ‘धिं’ रकान्यात मावतो. आता दुसरी आणि तिसरी मात्रा एकच बोल दाखवत असल्या तरी गडद अक्षर डावीकडून उजवीकडे एक पाऊल टाकताना दिसतं. खंड संपला की ते परत डावीकडे येतं आणि पार्श्वभूमीचा रंग बदलतो. चार खंडांना चार फिके रंग पुरे. चौथी आणि पाचवी मात्रा दोन्ही ‘धा’ असूनही मग कुणाला शंका उरत नाही.

फिकट बोलांचा आणखी एक उपयोग आहे. स्लाइड सरकायला थोडा वेळ लागतो. चित्र पूर्ण आल्यावर बोल वाचून म्हणणारा माणूस प्रत्येक मात्रेला किंचित मागे पडतो. पुढचा बोल आधीच फिकट दिसत असेल तर तो सरकवता सरकवताच म्हणता येतो. फक्त खंडाच्या चौथ्या मात्रेवर पुढचं काही दिसत नाही. तिथे उजव्या कडेच्या मोकळ्या पट्टीत पुढच्या खंडाचा पहिला बोल छोटा करून टाका.

काल हाताचा आणि काल कानाचा

पहिल्या प्रयत्नातली खरी चूक इथे झाली. खाली म्हणजे रिकामी, म्हणून मी नऊ ते बारा या चार स्लाइड राखाडी केल्या आणि त्यांवर डग्ग्याचं चित्र पोकळ काढलं. बाकी बारांवर डग्गा भरीव. आमच्या तबल्याच्या सरांना दाखवलं. त्यांनी फोन मांडीवर ठेवला, एका हाताने सरकवत दुसऱ्या हाताने डग्ग्यावर ठेका धरला आणि नवव्या स्लाइडवर थांबले. “नवव्या मात्रेचा डग्गा कुणी चोरला?”

चोरला मीच होता. नववी मात्रा ‘धा’ आहे. धा म्हणजे तबल्याच्या चाटेवर बोट आणि त्याच वेळी डग्ग्याचा घुमारा. हात उलटा करून काल दाखवायचा तो नवव्या मात्रेला, पण डग्गा त्या मात्रेलाही बोलतोच. तो गप्प होतो दहाव्या मात्रेला, ‘तिं’वर. तिं, तिं, ता या तीन मात्रा गेल्या की तेरावी येते. तिथे हात टाळी देतो, पण बोल ‘ता’ आहे, म्हणजे डग्गा अजून गप्पच. तो परत येतो चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’वर.

थोडक्यात, हाताने काल असतो नऊ ते बारा आणि कानाला काल ऐकू येतो दहा ते तेरा. दोन्ही चार-चार मात्रांचे, पण एका मात्रेने सरकलेले. नवखा माणूस मैफलीत काल शोधताना गोंधळतो तो यामुळे. त्याला सांगितलेलं असतं, डग्गा बंद झाला की काल. तो डग्गा बंद व्हायची वाट बघतो, तोपर्यंत नववी मात्रा गेलेली असते. तिथून तो चार मोजतो आणि पुढची टाळी एक मात्रा उशिरा देतो. उलट, डग्गा परत घुमला ती चौदावी मात्रा, म्हणजे ती धरून तीन मात्रा गेल्या की सम. सम चुकलेल्या श्रोत्याला परत वाट सापडण्यासाठी तीनतालात यापेक्षा सोपी खूण नाही.

स्लाइडवर म्हणून हात आणि कान यांच्या खुणा वेगळ्या ठेवायच्या. वरच्या पट्टीत हाताचं चित्र: पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला उलटा तळवा, मधल्या मात्रांना अंगठा क्रमाने करंगळीवर, अनामिकेवर आणि मधल्या बोटावर. खालच्या पट्टीत डग्गा: एक ते नऊ भरीव, दहा ते तेरा पोकळ, चौदा ते सोळा पुन्हा भरीव. भरीव आणि पोकळ हा फरक रंगाने न दाखवता आकारानेच दाखवा. लाल-हिरव्यातला फरक सगळ्यांना दिसत नाही, आणि उन्हात फोनवर तर कुणालाच नाही.

सगळ्या सोळा स्लाइड झाल्या की बोल झाकून फक्त डग्ग्याची पट्टी बघत जा. पोकळ डग्गे सलग चारच यायला हवेत आणि पहिला पोकळ डग्गा उलट्या तळव्याच्या पुढच्या स्लाइडवर यायला हवा. त्याच स्लाइडवर आला तर माझीच चूक तुमच्याकडेही झाली आहे.

पहिली स्लाइड म्हणजेच सम

सवयीने आपण पहिली स्लाइड मथळ्याची, दुसरी ‘ताल म्हणजे काय’ची आणि तिसरीपासून मुद्दा अशी रचना करतो. इथे तसं करू नका. सरकवताना इन्स्टाग्राम वरच्या कोपऱ्यात स्लाइडचा क्रमांक दाखवतं. तिसऱ्या स्लाइडवर पहिली मात्रा ठेवली तर वर ‘3/20’ आणि खाली ‘१’ असे दोन आकडे दिसतात. मोजायला शिकणाऱ्या माणसापुढे एकाच वेळी दोन मोजण्या!

त्यामुळे मथळा आणि पहिली मात्रा एकाच स्लाइडवर बसवा. वरती एका ओळीत ‘तीनताल, सोळा मात्रा’, खाली रकान्यात गडद ‘धा’. मग कोपऱ्यातला आकडा आणि मात्रा शेवटपर्यंत जुळतात, ॲपच आपल्यासाठी मोजायला लागतं. हात कसा धरायचा, कुठून सुरुवात करायची हे सगळं कॅप्शनमध्ये जाईल.

यात एक अडचण आहे. पहिली स्लाइड पाहून पुढे गेलेल्या माणसाला ॲप तीच पोस्ट कधी कधी दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. तेव्हा त्याच्यासमोर एकदम दुसरी मात्रा येते. म्हणून तालाचं नाव लहान अक्षरात प्रत्येक स्लाइडवर हवं.

आणि सोळाव्यानंतर? इथेच थांबलं तर ताल अर्धवट तुटतो. तीनतालाचं आवर्तन सोळाव्या मात्रेवर संपत नाही, ते पुढच्या समेवर येऊन मिळतं. गायक तान संपवतो ती समेवर, तिहाईचा शेवटचा ‘धा’ पडतो तोही समेवर. सोळाव्या स्लाइडवर बोट अडलं तर पाहणाऱ्याच्या मनात ताल म्हणजे सोळा पायऱ्यांचा जिना अशी समजूत बसते. म्हणून सतरावी स्लाइड द्यायची, आणि तीवर ‘१७’ न लिहिता पुन्हा ‘१’, ‘धा’, समेची खूण. पार्श्वभूमी अगदी पहिल्या स्लाइडची. इथे ॲपचा आकडा ‘17’ दाखवतो आणि आपला ‘१’. हा विरोध मी मुद्दाम राहू दिला आहे. सतरावी मात्रा अशी नसतेच, हे कळायला याहून चांगली जागा नाही.

अठराव्या स्लाइडवर चार ओळींत पूर्ण ठेका, टाळी-कालाच्या खुणांसह. हीच स्लाइड लोक जपून ठेवतात. एकोणिसाव्यावर छोटा व्हिडिओ. ऑगस्ट २०२४ पासून इन्स्टाग्रामवर एका पोस्टमध्ये वीस स्लाइड मावतात, तेव्हा हे सगळं एका पोस्टमध्ये बसतं. पूर्वीच्या दहाच्या मर्यादेत तीनताल दोन पोस्टमध्ये तोडावा लागला असता, आणि तोडायचा तर आठ-आठ, म्हणजे नेमका कालाच्या तोंडाशी.

खाली डग्ग्याशेजारी मी एक लहान वर्तुळ ठेवलं. त्यावर सोळा ठिपके, दोन ठिपक्यांमध्ये साडेबावीस अंशांचं अंतर, सम घड्याळातल्या बाराच्या जागी आणि मोजणी घड्याळाच्या दिशेने. मग पाचवी मात्रा तीनच्या जागी येते, काल बरोबर सहाच्या जागी, समेच्या थेट समोर, आणि तेरावी नऊच्या जागी. ठिपक्यांवर आकडे टाकू नका, घड्याळाचे आकडे डोक्यात असताना त्यांची सरमिसळ होते.

अक्षरं आणि खुणा

देवनागरीत ‘१’ आणि ‘९’ लहान आकारात फार सारखे दिसतात, आणि तीनतालात नेमक्या याच दोन मात्रा सम आणि काल आहेत. आकडा निदान शंभर पिक्सेल उंच ठेवा, आणि फॉन्ट असा निवडा की नऊची गाठ स्पष्ट दिसेल. फोनवर हातभर अंतरावरून दोन्ही स्लाइड शेजारी-शेजारी बघा. ओळखायला क्षणभर जरी थांबावं लागलं तरी फॉन्ट बदला.

‘धिं’ आणि ‘तिं’वरचा अनुस्वार वेलांटीच्या टोकाशी चिकटतो, आणि मजकुराची चौकट तोकडी असली तर वरून कापला जातो. मुक्ता किंवा नोटो सान्स यांसारख्या फॉन्टमध्ये तो सुटा दिसतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत काम करत असाल आणि वेलांटी ‘ध’च्या उजवीकडे जाऊन बसत असेल, तर दोष फॉन्टचा नाही. Preferences मधल्या Type या भागात World-Ready Layout हा पर्याय निवडा आणि नवा मजकूर टाईप करून पहा.

खुणांबाबत एक खबरदारी. भातखंडे पद्धतीत समेला ‘×’, कालाला ‘०’ आणि बाकीच्या टाळ्यांना त्यांचा क्रमांक, म्हणजे पाचव्या मात्रेखाली २ आणि तेराव्याखाली ३. पलुस्कर पद्धतीत कालाला ‘+’ लिहितात. छोट्या चित्रात ‘×’ आणि ‘+’ यांच्यात फरक फक्त तिरकेपणाचा, अर्थ मात्र अगदी उलटा. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देणाऱ्या मुलांनी दोन्ही पद्धती पाहिलेल्या असतात, त्यामुळे गोंधळ त्यांचाच जास्त होतो. मी भातखंडे पद्धतीची खूण घेतली आणि पहिल्या स्लाइडवर ‘×’शेजारी ‘सम’, नवव्यावर ‘०’शेजारी ‘काल’ असं अक्षरात लिहून टाकलं.

लय, आणि सरकवणाऱ्या हाताचा प्रश्न

फोन एका हातात धरून अंगठ्याने सरकवलं तर टाळी द्यायला हात उरत नाही. कॅप्शनची पहिली ओळ म्हणून हीच असावी: फोन टेबलावर ठेवा, डाव्या हाताच्या बोटाने सरकवा, उजव्या हाताने मांडीवर टाळी द्या. कालाला उजवा तळवा वर करून बाजूला न्या.

लय ठेवा मिनिटाला साठ मात्रांची, म्हणजे सेकंदाला एक. घड्याळाचा सेकंदकाटा सगळ्यांकडे असतो, आणि एक आवर्तन सोळा सेकंदांत पूर्ण होतं. ऐंशीच्या पुढे सरकवताना एखादी स्लाइड निसटते किंवा दोन एकदम जातात. चढ्या लयीसाठी हे साधन नाही. विलंबितासाठीही नाही, कारण तिथे एकेका मात्रेत भरणा असतो आणि नुसती एक स्थिर स्लाइड पाहत बसण्यात मोजणी सुटते.

एकोणिसाव्या स्लाइडचा व्हिडिओ याच लयीत करायचा. तीन आवर्तनं अठ्ठेचाळीस सेकंदांची होतात, त्यावर शेवटची सम घेतली की एक मिनिटाच्या आत. कॅमेरा वरून फक्त हातांवर ठेवा, कानात मेट्रोनोम लावा आणि पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, स्वतःच्या आवाजात करा. शेवटची सम कापू नका. संकलन करताना सोळाव्या मात्रेवर कात्री लावायचा मोह होतो, कारण तिथे हिशेब पुरा झाल्यासारखा वाटतो.

माणसावर तपासा

ज्याला ताल येत नाही अशा एखाद्याला बसवा. सूचना कॅप्शनमध्ये आहेत तेवढ्याच, तोंडी काही सांगायचं नाही. तीन आवर्तनं करायला लावा. प्रत्येक वेळी सतराव्यावरून पहिल्या स्लाइडवर परत जाताना लय मोडेलच, ते सोडून द्या. ऐकायचं आहे ते खंड बदलताना. बहुतेकांचा आवाज पाचव्या मात्रेवर अडखळतो, कारण ‘धा धा’ अशी जोडी तोंडाला अनपेक्षित वाटते आणि लोक मधे नकळत श्वास घेतात. तो श्वास म्हणजे एक जादा मात्रा. हे झालं तर चौथ्या स्लाइडवरचा कडेचा छोटा ‘धा’ पुरेसा दिसत नाहीये. भाचीच्या दुसऱ्या फेरीत नेमकं हेच झालं. तो बोल मी दुप्पट मोठा केला, आणि तिचा श्वास सोळाव्या मात्रेपर्यंत लांबला. तिथे तो घेतला तर फारसं बिघडत नाही, गवईसुद्धा समेआधी दम घेतात.

हाच साचा दुसऱ्या तालाला

केरवा आणि दादरा सहज बसतात. झपतालात खंड दोन-तीन-दोन-तीन असे, त्यामुळे रकान्यांची रुंदी खंडागणिक बदलू नका. रुंदी तीन मात्रांच्या हिशेबाने ठेवा आणि दोनच्या खंडात तिसरा रकाना रिकामा सोडा, नाहीतर डोळ्याला दोन मात्रांचा खंड संथ वाटायला लागतो.

रूपक मात्र साचा मोडतो. सात मात्रा, तीं तीं ना, धीं ना, धीं ना. सम पहिल्याच मात्रेवर आणि काल देखील तिथेच. समेची खूण आणि टाळीचं चित्र तुम्ही एकाच थरात जोडून टाकलं असेल तर रूपकाच्या पहिल्या स्लाइडवर टाळी दिसेल आणि ती चूक आहे. म्हणून तीनताल करतानाच सम, हात आणि डग्गा हे तीन थर सुटे ठेवा. रूपकात हाताचा काल आणि डग्ग्याचं मौन दोन्ही पहिल्या मात्रेलाच सुरू होतात आणि चौथ्या मात्रेच्या ‘धीं’ला टाळी व डग्गा दोन्ही एकदम परततात. तीनतालासारखी एका मात्रेची सरक तिथे नाही, त्यामुळे ज्याने आधी तीनतालाचं कॅरोसेल नीट मोजलं आहे तो इथे उलटाच चकतो.

एकतालाला हात घालण्याआधी चौथी मात्रा बघा: ‘तिरकिट’. चार अक्षरं, एक मात्रा. नवखा माणूस त्या एका स्लाइडवर चार मोजतो. भातखंडे पद्धतीत अशा अक्षरांखाली एकच कंस काढतात. तो कंस जाड रेषेत द्या आणि चारही अक्षरं एकाच रकान्यात बसवा, भले आकार निम्मा करावा लागो.